फेस स्वॅपसाठी दुसऱ्या फोटोग्राफरचा फोटो वापरण्याआधी : मालकी कशी तपासायची, परवानगी कशी घ्यायची

मुंबईत अल्बम डिझाइन किंवा रिटचिंगचं काम सुरू केलं की पहिल्या महिन्यातच हे काम समोर येतं. ग्रुप फोटोत एकाचे डोळे मिटलेत, घरचे दुसरा एक फोटो पाठवतात आणि सांगतात, "यातला चेहरा तिथे बसवा." फोटोशॉपमध्ये ते कसं करायचं हे शिकवणारे पुष्कळ आहेत. तो दुसरा फोटो कोणी काढला, तो कोणाच्या मालकीचा आणि त्यातला चेहरा उचलायला कोणाला विचारायचं, हे मात्र कामाला लागल्यावरच कळतं, आणि तेही बहुतेक वेळा कोणाचा तरी रागावलेला फोन आल्यावर. म्हणून एकच काम घेऊन ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू.

दादरच्या एका हॉलमध्ये आजोबांची पंचाहत्तरी झाली. स्टेजवर सगळं घर उभं आहे, तिसेक माणसं, आणि पहिल्या रांगेत आजोबांच्या शेजारी बसलेल्या आत्याचे डोळे नेमके मिटलेले. काम देणारे काका, म्हणजे आजोबांचा मुलगा, व्हॉट्सअ‍ॅपवर आत्याचा एक सुंदर फोटो पाठवतात. तो वर्षभरापूर्वी ठाण्याला झालेल्या आजोबांच्या नातवाच्या लग्नातला आहे. काका म्हणतात, "आमचाच फोटो आहे, बिनधास्त वापर." ज्या फोटोवर काम करायचं त्याला आपण बेस म्हणू आणि ज्यातून चेहरा घ्यायचा त्याला सोर्स. बेस पंचाहत्तरीच्या फोटोग्राफरचा, सोर्स लग्नाच्या फोटोग्राफरचा. म्हणजे फोटो दोन, काढणारे दोन, आणि प्रश्न दोनदा विचारायचा.

आधी बघा, सोर्स लागतोच आहे का

परवानगीच्या मागे लागण्याआधी पंचाहत्तरीच्या फोटोग्राफरला फोन करा आणि त्या ग्रुपच्या मागच्यापुढच्या फ्रेम मागा. एवढा मोठा ग्रुप कोणीही एकच क्लिक करून सोडत नाही. चार-पाच फ्रेम असतातच, पण घरच्यांना त्यांतली निवडलेली एकच दिलेली असते. शेजारच्या फ्रेममध्ये आत्याचे डोळे उघडे असतील तर प्रकाश तोच, लेन्स तीच, साडी तीच आणि मानेचा कोनही जवळपास तोच. लग्नातला चेहरा बसवायला तास जाईल तिथे हे काम काही मिनिटांत होतं आणि हक्काचा गुंता एकाच माणसापाशी राहतो. नवीन मुलं ही पायरी वगळतात, कारण घरच्यांनी हातात दिलेला फोटो घेऊन लगेच कामाला लागणं सोपं वाटतं.

आपल्या उदाहरणात समजू की सगळ्या फ्रेममध्ये आत्या खाली बघते आहे. मग लग्नातल्या फोटोकडे वळावं लागेल.

फोटो कोणी काढला हे शोधा

व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आलेल्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती उरत नाही. म्हणून मूळ फाइल मागा, ड्राइव्हच्या लिंकवर किंवा निदान डॉक्युमेंट म्हणून. मग फोटोशॉपच्या फाइल इन्फोमध्ये बघा, किंवा एक्झिफटूल वापरत असाल तर ही एक ओळ पुरते:

```
exiftool -Artist -Creator -Copyright -CreateDate photo.jpg
```

इथे नाव दिसलं तर तो धागा समजा, पुरावा नव्हे. कॅमेऱ्यात एकदा भरलेलं नाव कॅमेरा विकला किंवा भाड्याने दिला तरी तसंच राहतं, आणि मुंबईत लग्नांचं पुष्कळ शूट भाड्याच्या कॅमेऱ्यांवर होतं. नाव नाही दिसलं तर फोटो कोणाचा नाही असाही अर्थ होत नाही. कॉपीराइट फोटो काढताक्षणी तयार होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात नाव लागत नाही आणि ते वर्तुळातलं चिन्हही लागत नाही.

सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे सरळ विचारणं. "लग्नाचे फोटो कोणी काढले होते? त्यांचं कोटेशन किंवा बिल आहे का?" ते कोटेशन पुढच्या पायरीला लागणारच आहे.

एक सावधगिरी. फोटोवर वॉटरमार्क असेल किंवा फाइलमध्ये नाव असेल तर ते पुसून काम सुरू करू नका. हक्कधारकाची अशी माहिती कळूनसवरून, अधिकार नसताना काढून टाकणं किंवा बदलणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ब खाली वेगळा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. कोपऱ्यातला वॉटरमार्क क्रॉप करून मग चेहरा घेणं ही नवख्यांची सर्रास सवय आहे. ती पहिल्या दिवसापासूनच लावून घेऊ नका.

मालक कोण : इथेच सगळे चुकतात

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस, आणि साधारणपणे पहिला मालकही तोच. पण कलम १७ मध्ये एक मोठा अपवाद आहे. एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो फोटो काढून घेणारा असतो. लग्नाची ऑर्डर नेमकी या अपवादात बसते.

हा नियम आपल्या दोन्ही फोटोंना लावून बघू. पंचाहत्तरीचा फोटोग्राफर काकांनी ठरवला, पैसे काकांनी दिले, लिखापढी काही झाली नाही. म्हणजे बेस फोटोचे मालक काका. त्यांनी त्यावर काम करायला सांगितलं की तेवढी बाजू मिटली.

लग्नाचं तसं नाही. तिथे फोटोग्राफीची ऑर्डर मुलीकडच्यांनी दिली होती, ठरवलं तिच्या वडिलांनी आणि पैसेही त्यांनीच भरले. काकांच्या घरचं लग्न, आत्या काकांची सख्खी बहीण, अल्बमही त्यांच्या कपाटात, पण कायद्याने त्या फोटोचे मालक व्याही ठरतात. "आमचाच फोटो" हे काका मनापासून म्हणत आहेत. फोटोत आपण असणं किंवा फोटोची प्रत आपल्याकडे असणं, यातून कॉपीराइट मिळत नाही.

आता कोटेशन उघडा. मुंबई-ठाण्यातले बरेच वेडिंग स्टुडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवतात आणि शेवटच्या पानावर अटी असतात. तिथे दोन वाक्यं शोधा. एक, कॉपीराइट स्टुडिओकडे राहील आणि ग्राहकाला फक्त घरगुती वापराची मुभा असेल, अशा अर्थाचं. दुसरं, फोटोंवर परवानगीशिवाय एडिटिंग किंवा फिल्टर करू नये, अशा अर्थाचं. व्याह्यांनी ते मान्य करून ऑर्डर दिली असेल तर तोच "वेगळा करार" ठरतो आणि मालकी स्टुडिओकडे राहते. आपल्या उदाहरणात ही दोन्ही वाक्यं आहेत असं धरू. म्हणजे विचारायचं स्टुडिओला.

स्टुडिओने त्या दिवशी बाहेरचा कँडिडवाला बोलावला असेल तर त्याच्याशी काय ठरलं होतं ते स्टुडिओने बघायचं. तुम्ही स्टुडिओकडून एवढंच लिहून घ्या की ही परवानगी देण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून काढलेला फोटो, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचा असतो.

मालकी कोणाकडेही गेली तरी एक गोष्ट फोटो काढणाऱ्याकडेच राहते. कलम ५७ प्रमाणे कर्त्याला आपलं कर्तेपण सांगण्याचा हक्क आहे. आपल्या कामात असा बदल झाला की ज्याने त्याच्या नावाला किंवा प्रतिष्ठेला धक्का बसेल, तर त्याला तो रोखता येतो आणि भरपाईही मागता येते. फेस स्वॅपला हे थेट लागू पडतं. त्याच्या नाजूक प्रकाशातला चेहरा कापून तुम्ही हॉलच्या पिवळ्या दिव्यांखाली बसवलात, मान तुटल्यासारखी दिसली आणि खाली त्याचं नाव टाकलंत, तर तक्रारीला जागा तुम्हीच करून दिली. म्हणून व्याह्यांची मालकी असती तरी मी फोटोग्राफरला विचारलंच असतं. कामधंद्यातली माणुसकी म्हणूनही ते योग्य आहे.

कुठल्याशा नातेवाइकाने मोबाइलवर काढलेला फोटो असेल तर काम सोपं. कोणी ऑर्डर दिली नाही, पैसे दिले नाहीत, म्हणून ज्याने क्लिक केलं तो मालक. त्याचा एक मेसेज पुरे. याउलट आजी-आजोबांच्या तरुणपणाचा, मागे गिरगावातल्या एखाद्या स्टुडिओचा शिक्का असलेला फोटो असेल, तर जुना आहे म्हणून मोकळा समजू नका. आज फोटोची मुदत कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं आहे. २०१२ च्या दुरुस्तीआधी ती प्रसिद्धीपासून ६० वर्षं मोजत. स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोला वरचाच अपवाद लागतो, त्यामुळे तिथे मालकी बहुधा घरच्यांकडेच निघते.

कुठे वापरणार, ते आधी ठरवा

काकांना हा फोटो मोठा करून आजोबांच्या खोलीत लावायचा आहे. घरच्या ग्रुपवरही टाकायचा आहे. तुम्हाला तो आधी-नंतर अशा जोडीत इन्स्टाग्रामवर टाकायचा आहे, कारण काम छान झालंय. आणि हॉलवाल्यांनी काकांना म्हटलंय की तुमचा फोटो आमच्या माहितीपत्रकात घेऊ. हे चार वेगळे वापर आहेत आणि चारही आधीच सांगायला हवेत.

कलम ५२ मध्ये खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी उचित वापराची सूट आहे. आत्याच्या भाच्याने स्वतः घरी बसून, फ्रेमपुरता हा बदल केला असता तर त्या सुटीचा आधार घेता आला असता. तुम्ही मात्र पैसे घेऊन काम करता आहात, आणि इन्स्टाग्राम व माहितीपत्रक तर उघडउघड धंद्याचा वापर आहे. त्या सुटीवर भिस्त ठेवून धंदा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

"नाव देतो, मग झालं" किंवा "वीस टक्के बदललं की आपलं होतं" हे दोन्ही तुम्ही ऐकाल. कायद्यात टक्केवारीचं असं काही नाही. बघतात ते एवढंच, की मूळ कामाचा महत्त्वाचा भाग घेतला का. एकट्या व्यक्तीच्या फोटोत चेहरा हाच महत्त्वाचा भाग असतो. आणि नाव देणं ही परवानगी मिळाल्यानंतरची गोष्ट आहे.

परवानगी मागताना

फोन करा, ओळख द्या, पण शेवटी लिहून मागा. कलम ३० प्रमाणे परवाना लेखी हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घरातली फ्रेम पाच वर्षांनी कोणी उतरवणार नाही, आणि इन्स्टाग्राम देशाच्या सीमेवर थांबत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी शब्दांत यायलाच हव्यात. स्टुडिओला असा मेसेज जाऊ शकतो:

> नमस्कार सर, मी दादरला अल्बम डिझाइन आणि रिटचिंगचं काम करतो. गेल्या वर्षी ठाण्यात तुम्ही शूट केलेल्या लग्नातला एक फोटो सोबत जोडला आहे, फाइलचं नावही दिलं आहे. त्यातल्या लाल पैठणीतल्या बाईंचा फक्त चेहरा त्यांच्याच घरच्या दुसऱ्या एका ग्रुप फोटोत बसवायचा आहे, कारण तिथे त्यांचे डोळे मिटले आहेत. तो ग्रुप फोटो दुसऱ्या फोटोग्राफरचा आहे.
>
> वापर असा : १) घरात लावण्यासाठी एक प्रिंट आणि घरच्यांच्या ग्रुपवर, कायमसाठी. २) माझ्या इन्स्टाग्रामवर कामाचा नमुना म्हणून, जगभर, तीन वर्षं. जाहिरात किंवा माहितीपत्रकात वापरणार नाही.
>
> तयार झालेला फोटो आधी तुम्हाला दाखवीन. तुमचं नाव द्यायचं का आणि कसं, ते तुम्ही सांगा. मानधन असेल तर कळवा. ही परवानगी द्यायचा अधिकार तुमच्या स्टुडिओकडे आहे ना, तेही कृपया लिहा.

हॉलचं माहितीपत्रक यात मुद्दाम नाही. सगळं एका दमात मागितलं की समोरचा बिचकतो आणि साध्या फ्रेमलाही नाही म्हणतो. हॉलला फोटो हवा असेल तर हॉलने स्वतः स्टुडिओशी बोलावं, पैसे ठरवावेत आणि सहीचा कागद करावा. जाहिरातीच्या वापराला सहीशिवाय हात लावू नका.

नावाचा प्रश्न मोकळा ठेवण्यामागेही कारण आहे. पुष्कळ फोटोग्राफरांना बदललेल्या फोटोखाली आपलं नाव नकोच असतं. लोक पूर्ण फोटो त्यांचा समजतील, ही त्यांची भीती रास्त आहे. "चेहऱ्याचा मूळ फोटो : अमुक, ग्रुप फोटो : तमुक, रिटचिंग : मी" अशी फोड केली की बहुतेकांना पटतं.

उत्तरात नुसता अंगठा आला तर तेवढ्यावर थांबू नका. नम्रपणे लिहा, "सर, वर लिहिलेल्या दोन्ही वापरांना परवानगी आहे असं एका ओळीत लिहाल का?" कोणी रागावत नाही. आपल्या उदाहरणात स्टुडिओचं उत्तर येतं : "फ्रेम आणि घरच्या ग्रुपला हरकत नाही, पैसे नकोत. इन्स्टाग्रामवर मूळ फोटो वेगळा दाखवू नका, फक्त शेवटचा टाका, आम्हाला टॅग करा. अधिकार आमच्याकडेच आहेत." म्हणजे आधी-नंतरची जोडी टाकताना लग्नातला फोटो शेजारी ठेवता येणार नाही. पंचाहत्तरीचा मूळ ग्रुप आणि तयार झालेला ग्रुप एवढेच टाकता येतील, आणि तेही काकांनी तुमच्या इन्स्टाग्रामला होकार दिला तर, कारण बेसचे मालक ते आहेत. परवानगी जेवढ्या शब्दांत दिली तेवढीच असते.

आत्याला विचारलंत का?

कॉपीराइट फोटोचा असतो. चेहरा ज्याचा, त्याचा हक्क वेगळा आहे, आणि स्टुडिओने हो म्हटल्याने तो मिळत नाही. घरातल्या फ्रेमसाठी काकांनी आत्याला फोनवर विचारलं तरी चालेल. इन्स्टाग्रामसाठी मात्र आत्याचा स्वतःचा होकार हवा, आणि ग्रुपमध्ये लहान मुलं असतील तर त्यांच्या आईवडिलांचाही. इथे आत्या त्या कार्यक्रमाला होती, म्हणून बदल निरुपद्रवी आहे. जी व्यक्ती तिथे नव्हतीच तिला आणून बसवायचं असेल तर तिची, ती हयात नसेल तर तिच्या जवळच्यांची, स्पष्ट संमती घ्या. आणि तो फोटो घराबाहेर जाणार असेल तर चेहरा नंतर बसवला आहे हे खाली लिहा.

नेटवरून मोफत परवान्याचा फोटो घेतला तरी हाच फरक लक्षात ठेवा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात `ND` अक्षरं असतील तर बदललेला फोटो कोणाला देता येत नाही, म्हणजे स्वॅपसाठी तो बादच. `NC` असेल तर धंद्याच्या कामात नको. आणि कुठलाही क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना फोटोतल्या माणसाची संमती देत नाही.

उत्तर आलं नाही, किंवा नकार आला तर

गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. एकदा आठवण करा, चार-सहा दिवस थांबा, आणि मग काकांना सांगा की हा फोटो वापरता येणार नाही. त्याच लग्नात एखाद्या भाचीने मोबाइलवर काढलेला आत्याचा फोटो शोधा. तोही नसेल तर आत्यालाच बोलवा. खिडकीजवळ बसवून, ग्रुपमध्ये प्रकाश ज्या बाजूने आहे त्याच बाजूने येईल असं बघून, डोळ्यांच्या उंचीवरून तुम्हीच तिचा नवा फोटो काढा. मोबाइल फार जवळ नेऊ नका, दोन मीटर तरी मागे राहा आणि झूम करा, नाहीतर नाक मोठं दिसतं आणि चेहरा ग्रुपमध्ये बसत नाही. दादर ते ठाणे एका लोकलचा प्रवास आहे. असा नवा फोटो बऱ्याचदा लग्नातल्या मेकअपच्या फोटोपेक्षा चांगला जुळतो.

"कोण विचारतंय" म्हणून तसंच केलं तर काय होतं हेही माहीत असू द्या. कळूनसवरून कॉपीराइटचा भंग केल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट, कारणं नोंदवून, शिक्षा कमी करू शकतं. दिवाणी दावा वेगळा. प्रत्यक्षात आधी येते ती पोस्ट काढायची नोटीस, आणि मग मुंबईच्या छोट्या वर्तुळात स्टुडिओवाले एकमेकांना तुमचं नाव सांगतात.

काम देताना

लेयरच्या फाइलमध्ये घेतलेल्या चेहऱ्याचा लेयर वेगळा ठेवा आणि त्याला सोर्सच्या फाइलचंच नाव द्या. त्याच फोल्डरमध्ये परवानगीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट, चॅटची एक्स्पोर्ट केलेली फाइल आणि कोटेशनची पीडीएफ टाका. उद्या मोबाइल बदलला की व्हॉट्सअ‍ॅपवरचं जुनं काही हाताशी असेलच असं नाही. अंतिम फाइलच्या माहितीत दोन्ही फोटोग्राफरांची नावं ठरल्याप्रमाणे भरा. काकांना फाइल पाठवताना सोबत दोन ओळी लिहा, की हा फोटो घरात आणि घरच्या ग्रुपवर वापरायला आहे, हॉलला किंवा इतर कोणाला छापायला देण्याआधी लग्नाच्या स्टुडिओला विचारावं लागेल. आणि तुमच्या वहीत तीन वर्षांनंतरची तारीख टाकून ठेवा. त्या दिवशी इन्स्टाग्रामवरची पोस्ट काढायची किंवा परवानगी वाढवून घ्यायची आहे.